आधी दार लावा, मग कागद दाखवा: बदलत्या जबाबाच्या उलटतपासाचा आराखडा

पत्र: «मी तालुका न्यायालयात तीन वर्षांपासून दिवाणी कामं करतो. साठेखताच्या विशिष्ट पूर्ततेच्या दाव्यात प्रतिवादीतर्फे वादीचा उलटतपास घ्यायचा आहे. शेतजमिनीची ठरलेली किंमत १८ लाख. १२ मार्च २०१९ च्या नोंदणीकृत साठेखतात (निशाणी ३१) इसार २ लाख चेकने, बाकी १६ लाख आणि ताबा खरेदीखताच्या वेळी, असं आहे. ८ जानेवारी २०२१ च्या वादीच्या वकिली नोटिशीत (निशाणी ३३) ५ लाख दिल्याचं लिहून खरेदीखत आणि ताबा मागितलाय. नोव्हेंबर २०२१ च्या दाव्यात ‘वेळोवेळी मिळून ९ लाख’ आणि ताबा मिळाल्याचं म्हटलंय. आता सरतपासाच्या शपथपत्रात (निशाणी २८, परिच्छेद ४) ९ लाख साठेखताच्याच दिवशी दिले, २ चेकने आणि ७ रोख, आणि त्याच दिवशी ताबा घेतला, असं आलंय. आमची कैफियत: २ लाख मिळाले, ताबा दिला नाही, वादीला पैसे उभे करता आले नाहीत. पक्षकाराकडे वादीचं ऑगस्ट २०२० चं हस्ताक्षरातलं पत्र आहे, ‘उरलेल्या १६ लाखांसाठी दिवाळीपर्यंत थांबा’. ते अजून दाखल केलेलं नाही. मी साठ प्रश्न काढलेत. कागद कधी दाखवायचे? आणि ‘वकिलाने चुकून लिहिलं’ असं तो म्हणाला तर?»

उत्तर:

साठ प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि एका मोठ्या कागदावर तक्ता काढा. वरच्या बाजूला कागद तारखेच्या क्रमाने लिहा: साठेखत, पत्र, नोटीस, दावा, शपथपत्र. डाव्या बाजूला मुद्दे लिहा: किती रक्कम, कधी, कशी, ताबा, त्या वेळी कोण हजर होतं. प्रत्येक चौकोनात त्या कागदातले शब्द जसेच्या तसे अवतरणात उतरवा आणि खाली निशाणी, पान, परिच्छेद टाका. आपल्या भाषेतला सारांश इथे चालत नाही. ‘५ लाख दिले’ आणि ‘५ लाखांपर्यंतची रक्कम पोहोचली’ यांत फरक आहे, आणि वादीचे वकील नेमक्या त्याच फरकावर उभे राहून हरकत घेतील.

तक्ता भरला की रकमेची ओळ अशी दिसेल: २, २, ५, ९, ९. पत्रातला २ चा आकडा वजाबाकीतून येतो, कारण १८ पैकी ‘उरलेले १६’. ताब्याची ओळ अशी: खरेदीखताच्या वेळी, कोरी, मागितला, मिळाला, मिळाला. आराखडा या दोन ओळींतून निघतो. बाकीच्या ओळींत किरकोळ तफावती सापडतील, उदाहरणार्थ साठेखत सकाळी झालं की दुपारी, मेहुणा हजर होता की चुलत भाऊ. त्या सोडून द्या. केवळ साक्षीदाराची विश्वासार्हता तपासण्यापुरत्या विचारलेल्या प्रश्नाला तो जे उत्तर देईल ते खोडायला वेगळा पुरावा देता येत नाही, हा जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५३ चा नियम आहे, आणि त्याला अपवाद मोजकेच. म्हणजे तिथे त्याने नाकारलं की विषय संपतो आणि नकार तेवढा नोंदीत राहतो.

आता एक गोष्ट ठरवा, जी बहुतेक आराखड्यांत ठरवलेलीच नसते: परस्परविरोधी कागदांपैकी आपल्याला खरा कुठला हवा आहे? रकमेच्या बाबतीत तुम्हाला साठेखत आणि पत्र खरं हवंय, कारण कैफियतीत २ लाख आहेत. नोटीस मात्र तुमची नाही, तिच्यात ५ लाख आहेत. म्हणून साठेखताबद्दल ‘वाचून, समजून, मजकूर मान्य करून सही केली’ असं वदवून घ्यायचं, पण नोटिशीबद्दल ‘नोटिशीतला मजकूर खरा आहे ना?’ हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. तो आनंदाने हो म्हणेल, आणि ५ लाख दिल्याची साक्ष तुमच्याच उलटतपासातून येईल. नोटीस रकमेसाठी वापरायची ती फक्त ‘तेव्हा तू वेगळं म्हणत होतास’ एवढं दाखवायला. उलट ताब्याच्या बाबतीत तीच नोटीस तुमच्या बाजूची आहे. एकच कागद दोन विषयांत दोन वेगळ्या रीतींनी हाताळायचा असल्यामुळे प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान द्या. एकाच सलग यादीत साठ प्रश्न असतील तर कोर्टात हा फरक पाळणं जमत नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात अशी. दावा २०२१ चा आहे, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वी प्रलंबित असलेला, त्यामुळे त्याला भारतीय पुरावा कायदा, १८७२ लागू राहतो आणि तुमचं कलम १४५ आहे. त्या तारखेनंतरच्या दाव्यांत तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये आहे. या कलमाचे दोन भाग आहेत. साक्षीदाराच्या आधीच्या लेखी विधानाबद्दल त्याला तो कागद न दाखवताही प्रश्न विचारता येतात. पण त्या कागदाने त्याला खोडायचं असेल, तर कागद सिद्ध करण्याआधी त्यातल्या नेमक्या भागाकडे त्याचं लक्ष वेधावंच लागतं. नुसतं ‘निशाणी ३३ दाखवली, त्यात वेगळं आहे’ पुरत नाही. लोकमान्य टिळक पक्षकार असलेल्या ताई महाराज प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये हेच सांगितलं: साक्षीदाराविरुद्ध कागद वापरायचा असेल, तर तो शपथेवर उभा असतानाच त्याला खुलाशाची संधी मिळाली पाहिजे.

तुमचा साक्षीदार स्वतः पक्षकार आहे. पक्षकाराची स्पष्ट आणि सिद्ध झालेली कबुली हा स्वतंत्र पुरावा असतो, तो त्याला दाखवला नाही तरी वापरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये म्हटलं आहे. त्यावर विसंबून कागद न दाखवता थेट युक्तिवादात काढण्याचा मोह होतो. तो टाळा. १९७७ च्या निकालात त्याच न्यायालयाने कबुली कुठली आणि तिचा कोणता भाग वापरायचा आहे हे साक्षीदारासमोर ठेवणं न्यायाला धरून आहे, असं सांगितलं आहे. पाच मिनिटांच्या कामासाठी हा वाद अपिलात नेऊ नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे: कागद कधी दाखवायचे. कागद दाखवण्याआधी त्या कागदातून सुटायची प्रत्येक वाट बंद झालेली हवी. प्रत्येक विसंगतीसमोर ‘तो काय म्हणेल?’ असं लिहा आणि ज्या उत्तराने विसंगती विरघळते त्या उत्तराचं दार आधीच्या प्रश्नाने लावा.

रकमेचंच घ्या. समजा तुम्ही सुरुवातीलाच नोटीस हातात दिली आणि म्हणालात, ‘यात ५ लाख आहेत, शपथपत्रात ९, कुठलं खरं?’ तो म्हणेल, ‘नोटिशीपर्यंत ५ दिले होते, बाकीचे ४ नंतर दिले.’ दाव्यातलं ‘वेळोवेळी’ त्याला जुळून येतं आणि तुमची सगळ्यात मोठी विसंगती दोन वाक्यांत मिटते. हेच दार आधी लावलं असतं तर? शपथपत्राच्या परिच्छेद ४ प्रमाणे सगळी रक्कम एकाच दिवशी दिली आहे. तेवढंच त्याच्याकडून पक्कं करून घ्या, आणि तोवर टेबलावर शपथपत्राशिवाय दुसरा कागद नको. एकदा ‘शेवटची रक्कम १२ मार्च २०१९ रोजी दिली’ हे नोंदीत आलं की नोटिशीतले ५ लाख कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

दुसरं दार मुद्रांक शुल्काचं. ‘शुल्क वाचवायला साठेखतात कमी दाखवले’ हे उत्तर अशा दाव्यांत हमखास येतं. शुल्क मोबदला किंवा बाजारमूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं. इसार किती दिला यावर ते ठरत नाही. साठेखतात १८ लाख आहेत आणि वादी आजही १८ लाखच म्हणतो, म्हणजे इसार कमी दाखवून एक रुपयाही वाचला नसता. पण हे त्याला समजावून सांगायचं नाही. ‘ठरलेली एकूण किंमत १८ लाख, आणि साठेखतात तेवढीच लिहिली आहे’ एवढं वदवून घ्या, बाकी युक्तिवादात बोला.

रकमेचं पान साधारण असं दिसेल. डावीकडे प्रश्न, उजवीकडे आधार, आणि खाली ‘नाही म्हणाला तर’ साठी रिकामी जागा.

१. निशाणी २८ वाचून, समजून सही केली. (शपथपत्राखालचं सत्यापन)
२. परिच्छेद ४ मधला रकमेचा मजकूर तुमच्या माहितीवरून लिहिला. (परिच्छेद ४)
३. प्रतिवादीला पहिली रक्कम १२ मार्च २०१९ रोजी दिली. (परिच्छेद ४)
४. शेवटची रक्कमही त्याच दिवशी दिली. (परिच्छेद ४)
५. ठरलेली किंमत १८ लाख, साठेखतातही तीच. (निशाणी ३१, किमतीचं कलम)
६. साठेखत दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलं, सही करण्यापूर्वी वाचलं, मजकूर मान्य होता. (शेवटचं पान, हे तीन वेगळे प्रश्न करा)
७. त्यात चेकचा क्रमांक आणि बँकेचं नाव लिहिलं आहे. (इसाराचं कलम)
८. दिलेल्या रकमेचा साठेखतातला उल्लेख फक्त या २ लाखांचा आहे. (इसाराचं कलम, वाचून दाखवा)
९. बाकी रक्कम १६ लाख लिहिली आहे. (बाकीचं कलम, वाचून दाखवा)

इथपर्यंत प्रत्येक उत्तर त्याच्याच सहीच्या कागदात आहे. नाही म्हणाला तर कागद बोलतो, हो म्हणाला तर तुमचं काम झालं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची रचना बघा. सहज सुचणारा प्रश्न असतो, ‘१२ मार्चनंतर तुम्ही काहीच रक्कम दिली नाही, बरोबर?’ त्यावर साक्षीदार ‘नाही’ म्हणतो आणि ते ‘नाही, दिली नाही’ की ‘नाही, बरोबर नाही’ हे कुणालाच कळत नाही. ‘शेवटची रक्कम त्या दिवशी दिली’ असं होकारी विचारलं की उत्तर काहीही आलं तरी अर्थ एकच राहतो.

चौथ्या प्रश्नावर तो बिथरला आणि ‘नंतरही थोडे दिले’ म्हणाला तर? पानावर त्यासाठी फाटा लिहून ठेवा: परिच्छेद ४ मधलं वाक्य वाचून दाखवायचं, ‘शपथपत्रात सगळी रक्कम त्या दिवशी दिल्याचं लिहिलं आहे’ एवढं मान्य करून घ्यायचं आणि पुढे सरकायचं. ‘मग नंतर कधी दिले, किती दिले?’ हे विचारायचं नाही. शपथेवरचा परिच्छेद ४ त्याने स्वतःच मोडला, तो तसाच मोडलेला राहू द्या. तुम्ही तपशील विचारलात तर तो उभ्या उभ्या नवी हकिकत रचेल आणि ती तुमच्या उलटतपासात नोंदली जाईल.

यानंतर पत्र. दाखल न केलेला कागद उलटतपासात काढता येतो का, याचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १अ(४) मध्ये आहे: वादीच्या साक्षीदारांच्या उलटतपासासाठी आणलेल्या कागदांना आधी दाखल करण्याची सक्ती लागू नाही. साक्षीदार स्वतः वादी असेल तर ही सूट मिळते का, यावर बराच काळ वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की यासाठी पक्षकार आणि साक्षीदार असा भेद करता येत नाही. तेव्हा पत्र उलटतपासात प्रथमच दाखवता येईल. मात्र ही सूट साक्षीदाराला सामोरं आणण्यापुरती आहे. स्वतःचा बचाव ज्या कागदावर उभा आहे तो दडवून ठेवायची ती मुभा नव्हे. तुमच्या कैफियतीत ‘वादीने मुदत मागितली’ असं विधान असेल आणि पत्राचा उल्लेखच नसेल, तर न्यायाधीशांना हा कागद इतके दिवस कुठे होता असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर पक्षकाराकडून आजच घ्या आणि त्याच्या स्वतःच्या सरतपासात ते येईल याची सोय करा.

पत्राच्या पानावर पायऱ्या मोजून लिहा. आधी कागद न दाखवता: ऑगस्ट २०२० मध्ये तुम्ही प्रतिवादीला पत्र लिहिलं होतं. मग पत्र हातात देऊन, त्याआधी समोरच्या वकिलांना बघू देऊन: ही सही तुमची, हे हस्ताक्षर तुमचं. मग ते एक वाक्य मोठ्याने वाचून: ‘उरलेल्या १६ लाखांसाठी दिवाळीपर्यंत थांबा’ हा मजकूर यात आहे. वाक्य अवतरणासह नोंदवून घ्या आणि सही मान्य असेल तर लगेच निशाणी मागा. सही नाकारली तर वाद घालू नका. पत्रावर ओळखीपुरती खूण करून घ्या आणि पुढे चला. ते सिद्ध करणं आता तुमच्या पक्षकाराच्या साक्षीवर आहे. लागलं तर कलम ७३ खाली मान्य सह्यांशी तुलना किंवा हस्ताक्षरतज्ज्ञ. म्हणूनच पत्र दाखवण्याआधी शपथपत्र आणि साठेखतावरच्या सह्या त्याच्याकडून मान्य करून घेतलेल्या हव्यात, आणि वरच्या क्रमात त्या झालेल्या आहेत. पत्र मूळच न्या. छायाप्रत दाखवायला गेलात तर मजकुरावर येण्याआधीच हरकतीत वेळ जाईल.

या पत्राचा दुसरा उपयोग तिसऱ्या पानावर आहे: वादीची पैशाची तयारी. तिथे ‘तुमच्याकडे १६ लाख होते का?’ असा मोकळा प्रश्न नको. मुदत मागितली हे पत्रातून आलेलंच आहे. ‘मार्च २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळातला बँक उतारा तुम्ही दाखल केलेला आहे?’ आणि ‘७ लाख रोख कुठून आणले याचा उल्लेख परिच्छेद ४ मध्ये आहे?’ असे दोनच प्रश्न विचारा. दोन्हींचं खरं उत्तर ‘नाही’ आहे आणि कागद तसंच सांगतात. विचारण्याआधी वादीच्या कागदांच्या सगळ्या याद्या तपासा. उतारा एखाद्या पुरवणी यादीत दाखल झालेला असेल तर हा प्रश्न उलटेल.

आता नोटीस आणि ‘वकिलाने चुकून लिहिलं’. हे दारही नोटीस दाखवण्याआधीच लागतं, आणि त्याला चार कड्या आहेत. नोटीस तुमच्या सांगण्यावरून पाठवली. तिची स्थळप्रत तुम्हाला मिळाली. जानेवारी ते नोव्हेंबर २०२१ या काळात तीच एक नोटीस तुमच्यातर्फे गेली, म्हणजे दुरुस्तीची दुसरी गेली नाही. दाव्यात तुम्ही तिचा आधार घेतला आणि ती स्वतः दाखल केली. चौथी कडी सगळ्यात भक्कम आहे. चुकीचा वाटणारा कागद कोणी स्वतःच्या शपथपत्रातून निशाणी करून घेत नाही, आणि हे वाक्य तुम्ही फक्त युक्तिवादात उच्चारायचं. एक काळजी घ्या: ‘वकिलांना तुम्ही नेमकं काय सांगितलं?’ असं विचारलंत की पक्षकार आणि वकील यांच्यातल्या गोपनीय संभाषणाची हरकत येते. प्रश्न नोटिशीपुरते ठेवा, संभाषणात शिरू नका. नोटीस तर प्रतिवादीलाच पाठवलेली आहे, तिच्यात गोपनीय काही नाही.

कड्या झाल्या की नोटिशीतलं रकमेचं वाक्य वाचून दाखवा आणि ‘नोटिशीत १२ मार्च २०१९ पासून नोटिशीपर्यंत दिलेली रक्कम ५ लाख लिहिली आहे’ एवढं घ्या. इथे ‘लिहिली आहे’ हाच शब्द ठेवा, ‘दिली’ नको. नोटिशीत तारखांची अशी मर्यादा नसेल तर ते शब्द प्रश्नातूनही काढा. कागदात नसलेलं प्रश्नात घातलं तर हरकत रास्त ठरते. मग दाव्यातला ‘वेळोवेळी मिळून’ हा शब्दप्रयोग वाचून दाखवा. दाव्यावर त्याची सही आणि सत्यापन आहे, आणि आदेश ६ नियम १५(४) प्रमाणे सोबत शपथपत्रही असतं, तेव्हा ‘तो वकिलांनी लिहिला’ हे उत्तर तिथे आणखी लंगडं पडतं. दावा वाचून दाखवून थांबा. एकाच दिवशी आणि वेळोवेळी, दोन्ही त्याच्याच तोंडचं. न्यायाधीशांना ते दिसतं.

ताब्याचं पान छोटं आहे आणि तिथे क्रम उलट सोपा आहे, कारण नोटीस इथे तुमची. परिच्छेद ४ प्रमाणे ताबा १२ मार्च २०१९ रोजी घेतला, हे पक्कं करा. ‘त्या दिवसापासून नोटिशीच्या दिवसापर्यंत जमीन सलग माझ्याकडे होती’ हेही वदवून घ्या, नाहीतर ‘मधे प्रतिवादीने काढून घेतली म्हणून नोटिशीत मागितला’ हे दार उघडं राहतं. मग साठेखतातलं ताब्याचं कलम आणि शेवटी नोटिशीतली ताब्याची मागणी वाचा.

सातबारा इथे कसा वापरायचा याबद्दल गोंधळ होतो. पीकपाहणीत तुमच्या पक्षकाराचं नाव असेल तर तो ताब्याविरुद्धचा चांगला कागद आहे, पण ते वादीचं विधान नाही. कलम १४५ त्याला लागू होत नाही आणि ‘सातबाऱ्यात असं का?’ या प्रश्नाला वादी ‘तलाठ्याला विचारा’ म्हणेल, ते गैरही नाही. तक्ता काढताना म्हणूनच दोन गठ्ठे करा: एकात त्याने लिहिलेले, सही केलेले, त्याच्या सांगण्यावरून निघालेले कागद, दुसऱ्यात इतरांनी केलेल्या नोंदी. दुसऱ्या गठ्ठ्यातले कागद तुमच्या पुराव्यात दाखल करा. वादीला त्यावर एकच प्रश्न पुरे: वहिवाटीला स्वतःचं नाव लागावं म्हणून तुम्ही अर्ज केला होता? केला असेल तर त्याची प्रत तुमच्या हातात उलटतपासाआधी हवी, तेव्हा तलाठी कार्यालयात आधी चौकशी करा.

‘मग आता खोटं कुठलं?’, ‘असं का लिहिलं?’, ‘म्हणजे तुम्ही पैसे दिलेच नाहीत ना?’ हे तिन्ही प्रश्न तुमच्या साठांत नक्की असतील. ते खोडा. पहिले दोन त्याला भाषणाची जागा देतात. तिसरा विसंगतीच्या ऐन टोकावर विचारलात तर त्याचा ठाम नकार तुमच्या सगळ्यात चांगल्या उत्तराला चिकटून नोंदला जातो. अर्थात आपली बाजू त्याच्यासमोर ठेवावीच लागते, नाहीतर ‘हे त्याला विचारलंच नाही’ असं ऐकावं लागेल. ते सगळ्यात शेवटी, वेगळ्या अर्ध्या पानावर: ७ लाख रोख दिल्याचं खोटं सांगता, ताबा घेतल्याचं खोटं सांगता, रक्कम उभी करता आली नाही. तीन सूचना, तीन नकार, संपलं. त्या सूचना कैफियतीशी शब्दाला शब्द जुळवून बघा. कैफियतीत नसलेली गोष्ट सूचनेत आली तर वादीच्या वकिलांना तुमच्या पक्षकाराच्या उलटतपासासाठी आयता विषय मिळेल.

नोंद कशी होते याचाही विचार आराखड्यातच करा. आपल्याकडे प्रश्न नोंदला जात नाही, उत्तर ‘हे म्हणणे खरे आहे की’ अशा कथनात उतरतं. त्यामुळे प्रत्येक प्रश्न असा लिहा की त्याला ‘हे म्हणणे खरे आहे की’ जोडल्यावर वाक्य सरळ राहील. नकारी प्रश्न या साच्यात गेला की ‘हे म्हणणे खरे नाही की मला ताबा मिळाला नव्हता’ असं काहीतरी तयार होतं आणि दोन वर्षांनी निकालाच्या वेळी त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो लावता येतो. दोन जागी, म्हणजे चौथा प्रश्न आणि पत्रातलं वाक्य, प्रश्नोत्तर रूपातच नोंद व्हावी अशी विनंती आदेश १८ नियम १० खाली करा. त्यासाठी विशेष कारण द्यावं लागतं, आणि ‘उत्तराचा नेमका शब्द महत्त्वाचा आहे’ हे कारण तिथे देता येतं. ही विनंती प्रत्येक प्रश्नाला करू नका, तिचं वजन जातं.

साक्ष वाचून दाखवली जाईल तेव्हा तुमचा आराखडा समोर ठेवून तीनच गोष्टी तपासा: निशाणीचे क्रमांक, अवतरणातले आकडे, आणि प्रत्येक ‘आहे’ आणि ‘नाही’. ३१ च्या जागी ३३ पडलं तर साठेखतातलं वाक्य नोटिशीच्या नावावर जातं. दुरुस्ती न्यायाधीशांची सही होण्याआधी, तिथेच त्यांना दाखवून करून घ्या.